लीक टेस्टवरची अर्धी कल्पना : आयडिया डेच्या एका भाषणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

चाकणच्या पट्ट्यातला हा एक मध्यम आकाराचा कारखाना. ॲल्युमिनियमची हाउसिंगं, म्हणजे यंत्रभागांची बाहेरची कवचं, मशीन करून गाड्यांच्या कंपन्यांना पुरवतो. हाउसिंग गळत नाही ना हे आत हवा भरून तपासतात, ती लीक टेस्ट. कारखान्याचं, ग्राहकाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत. मी तेव्हा तिथल्या सुधारणा विभागात होतो. भाषण हॉलमध्ये बसून ऐकलं आणि पुढच्या तपासातही आमचा विभाग होता.

आमच्याकडे सूचना योजना जुनी होती, जपानी धर्तीची. टोयोटाने आपली योजना १९५१ मध्ये सुरू केली. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत ती कायझेनच्या, म्हणजे सतत छोट्या सुधारणा करत राहण्याच्या जपानी पद्धतीच्या, लाटेबरोबर आली आणि येताना फॉर्म घेऊन आली. आमच्या फॉर्मवर आधीचा फोटो, नंतरचा फोटो, वाचलेली रक्कम, इतर लाइनवर कुठे लावता येईल आणि विभागप्रमुखाची सही असे रकाने होते. त्यामुळे फॉर्मवर जे यायचं ते आधीच पार पडलेलं असायचं. जे नुसतं जाणवलंय पण सिद्ध झालेलं नाही, त्याला जागाच नव्हती. शिवाय फॉर्म भरायला टोकन नंबर लागायचा. कंत्राटी कामगारांना टोकन नंबर नसतो आणि लाइनवर निम्म्याहून जास्त माणसं कंत्राटी होती.

१२ ते १८ फेब्रुवारी हा उत्पादकता सप्ताह. त्यातला एक दिवस कारखान्यात ‘आयडिया डे’ म्हणून साजरा व्हायचा : कॅन्टीनच्या हॉलमध्ये पोस्टर, बक्षिसं आणि एखादं भाषण. त्या वर्षी एचआरने भाषणाला प्रोसेस इंजिनिअरिंगमधल्या एका ज्येष्ठ इंजिनिअरांना बोलावलं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचे. विषय ठरला होता : ‘कल्पना मांडायला घाबरू नका’.

अडचण

वरकरणी अडचण अशी होती की सूचना कमी येतात आणि येतात त्याही ‘इथे रॅक लावला, तिथे पट्टी रंगवली’ अशाच असतात. व्यवस्थापनाचं निदान होतं की लोक लाजतात आणि त्यांना जरा धीर द्यायला हवा.

सरांचं निदान वेगळं होतं. भाषणाच्या आदल्या आठवड्यात ते माझ्याशी बोलले तेव्हा म्हणाले, “लाजत कोणी नाही रे. चहाच्या टपरीवर ऐक, प्रत्येकाला मशीनबद्दल मत आहे. पण अर्धी कल्पना सांगायची म्हणजे ती कळली कशी ते सांगावं लागतं. आणि कळलेली असते बऱ्याचदा नियमाबाहेर काहीतरी करून बघताना.”

हे वाक्य मला तेव्हा थोडं अतिशयोक्त वाटलं. पुढे जे झालं त्यात तेच मध्यवर्ती ठरलं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय एचआरचा होता : सरांनी आपल्या कारकिर्दीतली एखादी गाजलेली सुधारणा सांगावी. सरांनी तो लगेच मोडीत काढला. यशस्वी झालेली कल्पना सांगितली की ऐकणाऱ्याला ती पूर्णच दिसते आणि आपल्या डोक्यातलं त्यापुढे आणखी कच्चं वाटू लागतं.

दुसरा होता निनावी पेटीचा. यात तथ्य होतं. अमेरिकेत विमानवाहतुकीसाठी १९७६ पासून अशी एक व्यवस्था चालते. वैमानिक, नियंत्रक आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग कळवतात. तो अहवाल दंड करणाऱ्या नियामक संस्थेकडे जात नाही, नासाकडे जातो. तिथे नाव-गाव काढून टाकलं जातं. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर नियामक सहसा दंड लावत नाही. ऐकणारा आणि शिक्षा करणारा वेगळे ठेवणं ही त्यातली मोठी युक्ती. पण आमच्याकडे एका स्टेशनवर एका शिफ्टला एकच माणूस. चिठ्ठीत ‘लीक टेस्ट’ एवढं लिहिलं तरी ती कोणाची ते लाइन लीडरला कळणार. आणि अर्ध्या कल्पनेला उलटे प्रश्न विचारावे लागतात, ते निनावी चिठ्ठीला विचारता येत नाहीत.

तिसरा पर्याय म्हणजे खुला माइक. सर म्हणाले, प्लँट हेड पहिल्या रांगेत असताना माइकपाशी येतील ती जीईटी, म्हणजे नुकती लागलेली शिकाऊ इंजिनिअर पोरं आणि विभागप्रमुख.

सरांनी निवडलेला चौथा पर्याय असा : स्वतःची, स्वतःच्याच कामातली, खरोखर अर्धी असलेली कल्पना सगळ्यांसमोर मांडायची. आणि ती अशी हवी की मांडताना आपणही अडचणीत येऊ. एचआरला हे फारसं रुचलं नव्हतं, पण ऐनवेळी दुसरा वक्ता नव्हता.

भाषणात काय झालं

सरांनी प्रेझेंटेशन आणलं नाही. तक्त्यावर तीन ओळी लिहिल्या : ‘काय दिसलं’, ‘काय वाटतं’, ‘काय माहीत नाही’.

काय दिसलं? वॉशिंग मशीनमधून आलेल्या काही हाउसिंगच्या आंधळ्या भोकांत, म्हणजे आरपार नसलेल्या भोकांत, वाळवणीनंतरही पाणी राहतं. त्यांनी बोट घालून पाहिलं होतं. काय वाटतं? लीक टेस्टच्या वेळी ते पाणी बारीक गळतीची वाट बुजवत असेल. हवा पाण्यातून सहज जात नाही. म्हणजे गळका पीसही पास होत असेल. काय माहीत नाही? ही यादी सगळ्यांत लांब होती. किती पीसमध्ये पाणी राहतं, कुठल्या भोकात, ते भोक गळतीच्या वाटेवर आहे की नाही, आणि हे सिद्ध कसं करायचं. “यातलं मला काहीच माहीत नाही. वॉशिंगची प्रक्रिया माझी, बास्केटमध्ये पीस कसा ठेवायचा ते माझ्या सहीने ठरलंय.”

मग त्यांनी अट घातली. दहा मिनिटं कोणी ‘होईल’ किंवा ‘नाही होणार’ म्हणायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न प्लँट हेडचाच आला : “यातून महिन्याला किती वाचतील?” प्रश्नच असल्याने अट मोडली नव्हती, पण हॉल गप्प झाला. सर म्हणाले, “साहेब, तो रकाना आज रिकामा ठेवतो. आज आकडा लिहिला तर उद्यापासून मी पाणी बघणार नाही, आकडाच सांभाळत बसेन.” थोडं हसू आलं, प्लँट हेडही हसले.

दुसरा प्रश्न क्वालिटीच्या प्रमुखांचा. तो हसण्यासारखा नव्हता. “पाणी राहत असेल, तर गेलं वर्षभर आपण ग्राहकाला काय पाठवलं?”

माझ्या मते संपूर्ण भाषणातला निर्णयाचा क्षण हाच. इथे सरांना ‘तसं काही नाही हो, नुसती शंका आहे’ म्हणून सावरून घेता आलं असतं. त्यामुळे हॉलला कळलं असतं की अर्धी कल्पना कोपऱ्यात सापडली की ती मागे घ्यायची असते. ते म्हणाले, “प्रश्न बरोबर आहे, आणि तो मलाच विचारायचा. ज्याने पाणी दाखवलं त्याला नाही.” मग जागेवरच ठरवलं की क्वालिटीने त्या आठवड्याच्या साठ्यातले काही पीस उघडे वाळवून पुन्हा तपासायचे.

शॉप फ्लोअरवरचं हॉलमध्ये कोणीही बोललं नाही. प्रश्न विचारणारे सगळे टाय किंवा ओळखपत्राच्या निळ्या पट्टीवाले होते, म्हणजे स्टाफ. एचआरच्या अहवालात भाषणाला ‘चांगला प्रतिसाद’ असं लिहिलं गेलं. खरं सांगायचं तर त्या घटकेला भाषण फसलेलंच दिसत होतं.

हॉलबाहेर काय झालं

सर दुसऱ्या शिफ्टच्या सुरुवातीला लीक टेस्टच्या बेंचपाशी जाऊन उभे राहिले. भाषणाइतकंच हे उभं राहणं महत्त्वाचं होतं. बेंचवर एक कंत्राटी ऑपरेटर होता, आयटीआय झालेला, मराठवाड्यातून आलेला. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “सर, एक बोलू का? चुकीचं असंल.”

“बोल की.”

“पाणी नाही सर. पीस गरम असतोय. शिफ्ट चालू झाल्यावर लय फेल होतेत. तेच पीस चहा पिऊन आलो की पास.”

इथे दुसरा निर्णय होता आणि तो एका न विचारलेल्या प्रश्नाचा होता. नियमाप्रमाणे फेल झालेला पीस एकदाच पुन्हा लावता येत होता, तोही लगेच. नंतर तो लाल ट्रेमध्ये टाकायचा. चहानंतर पास होतो हे या मुलाला कळलं, याचा अर्थ तो लाल ट्रेमधले पीस काढून पुन्हा लावत होता. बहुतेक वरिष्ठांच्या तोंडून इथे आपोआप निघालं असतं, “किती वेळा लावतोस?” ते निघालं असतं तर पोराने “नाही सर, एकदाच,” असं म्हणून विषय मिटवला असता. सर म्हणाले, “गरमवाला एक दे बघू इकडे.” त्यांनी पीस हातात घेतला. वॉशिंगमधून थेट आलेला होता आणि हाताला चांगलाच ऊबदार लागत होता.

गरम पीसचं गणित

ही टेस्ट अशी चालते : पीस फिक्श्चरमध्ये दाबून बंद करतात, आत साधारण २ बार हवा भरतात, व्हॉल्व्ह बंद करतात, काही सेकंद हवा स्थिर होऊ देतात आणि पुढची काही सेकंद दाब किती उतरतो ते मोजतात. आमची मर्यादा ८० पास्कलची होती. त्याहून जास्त उतरला की फेल.

पण बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानावरही अवलंबून असतो. वातावरणाचा दाब धरून आत सुमारे ३ बार, म्हणजे ३ लाख पास्कल. खोलीचं तापमान निरपेक्ष मापात सुमारे ३०० केल्विन. म्हणजे आतली हवा एक अंशाने थंड झाली की दाब साधारण १,००० पास्कलने उतरतो. मोजणीच्या त्या काही सेकंदांत हवा अंशाच्या दहाव्या भागाने निवली, तरी १०० पास्कल गेले आणि एक थेंबही न गळणारा पीस फेल.

मग शिफ्टच्या सुरुवातीलाच का? कारण तेव्हा वॉशिंग आणि टेस्ट यांच्यामधला कन्व्हेयर रिकामा असतो. पीस धुऊन, गरम हवेने वाळून थेट बेंचवर येतो आणि थंड लोखंडी फिक्श्चरमध्ये बसल्यावर झपाट्याने निवू लागतो. तासाभरात कन्व्हेयरवर रांग साचते, पीस वाट बघत थंड होतात आणि रिजेक्शन उतरतं. फेब्रुवारीतल्या गार सकाळी फरक आणखी मोठा.

हे आधी कोणाच्या लक्षात का आलं नाही, याचं उत्तर मला सगळ्यांत बोलकं वाटतं. शिफ्ट सुरू करताना बेंच बरोबर आहे का हे मास्टर पीस, म्हणजे न गळणारा म्हणून राखून ठेवलेला पीस, लावून तपासतात. मास्टर पीस रात्रभर कपाटात असतो, म्हणजे खोलीइतकाच थंड. तो रोज पास व्हायचा. कागदावर बेंच निर्दोष होता, म्हणून सकाळच्या रिजेक्शनचं खापर कास्टिंगच्या छिद्रांवर फुटायचं आणि फाउंड्रीला मेल जायचा.

तपासाला फार काही लागलं नाही. सकाळी फेल झालेले पीस बाजूला ठेवले, पूर्ण थंड होऊ दिले आणि पुन्हा लावले. बरेचसे पास झाले. उलट बाजूने एक पास झालेला थंड पीस ओव्हनमध्ये गरम करून लावला, तो फेल. तोच थंड झाल्यावर पुन्हा पास.

मात्र इथे थांबता आलं नाही. पीस फारच गरम असेल आणि स्थिर होण्याचा वेळ अपुरा असेल, तर आत भरलेली गार हवा मोजणीच्या वेळीही तापतच असते आणि दाब उतरण्याऐवजी चढतो. तेव्हा खरोखर गळका पीस पास होऊ शकतो. म्हणजे क्वालिटीच्या प्रमुखांची हॉलमधली शंका अस्थानी नव्हती. पाण्यामुळे नसली तरी उष्णतेमुळे खरी ठरू शकत होती. त्यांनी शिफ्टच्या पहिल्या तासाचा जेवढा माल गोदामात होता तेवढा अडवला, थंड करून पुन्हा तपासला आणि मगच सोडला.

ज्याने सांगितलं त्याचं काय झालं

तपासासाठी बेंचचा डेटा काढला. प्रत्येक पीसवर कोड असतो, त्यामुळे कोणता पीस किती वेळा लावला ते आपोआप नोंदलं जातं. त्यात सगळ्याच शिफ्टचे ऑपरेटर नियमापेक्षा जास्त वेळा पीस लावत असल्याचं दिसलं.

यावर बैठकीत तीन मतं होती. पहिलं मत : सगळ्यांना लेखी ताकीद. दुसरं : सरसकट माफी. क्वालिटीच्या प्रमुखांनी दोन्हींना विरोध केला आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. सरसकट माफी दिली तर उद्या खरा गळका पीस ‘एकदा पास होईपर्यंत’ लावत राहणं चालतं, असा अर्थ निघेल. ठरलं ते असं : आजपर्यंतच्या नोंदीवरून कोणाला काही विचारायचं नाही, पण आजपासून प्रत्येक जादा चाचणीची नोंद कारणासह ठेवायची.

निर्णय चांगला होता, पण तो बैठकीतच राहिला. ठेकेदाराच्या सुपरवायझरला कोणी कळवलं नाही. त्याच्या कानावर एवढंच गेलं की ‘लीक टेस्टवाल्याने पीस पुन्हा पुन्हा लावलेत, क्वालिटीने डेटा काढलाय’. त्याने आपल्या परीने काळजी घेतली आणि त्या मुलाला पॅकिंगला हलवलं. हातात काम होतं, पगारही तोच. पण लाइनवरच्या बाकीच्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. सरांना कळल्यावर त्यांनी त्याला परत बेंचवर आणवलं, तोवर काही दिवस गेले होते. त्यानंतर काही आठवडे त्या लाइनवरून एकही तोंडी सूचना आली नाही.

निष्पत्ती

तांत्रिक बाजू नीट लागली. वॉशिंग आणि बेंच यांच्यामध्ये पंख्यांचा थंड करणारा टप्पा बसवला आणि बेंचवर पीसचं तापमान बघणारा सेन्सर लावला. खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांहून पीस जास्त गरम असेल तर चाचणी सुरूच होत नाही. सकाळचं रिजेक्शन बाकी शिफ्टच्या पातळीवर आलं. फाउंड्रीला जाणारे मेलही कमी झाले.

सरांची मूळ कल्पना बहुतांशी चुकीची निघाली. वाळवून तपासलेल्या पीसमध्ये पाण्यामुळे लपलेली गळती सापडली नाही. त्यांनी हे पुढच्या महिन्याच्या बैठकीत स्वतः सांगितलं आणि पहिल्या तक्त्यावरच ‘काय माहीत नाही’च्या खाली उत्तरं लिहून तो बेंचपाशी टांगला.

सूचना योजनेत एक छोटी चिठ्ठी आली. तिच्यावर त्याच तीन ओळी, रकमेचा रकाना नाही, टोकन नंबर नाही. चिठ्ठी कोणी वाचली त्याचं नाव तिच्यावर येतं आणि आठवड्यात त्याने समोर येऊन उत्तर द्यायचं असतं. सुरुवातीला याचा एक परिणाम वरच्यांना टोचला. नोंदवलेल्या अडचणींची संख्या वाढली आणि आढावा बैठकीत ‘लाइन बिघडत चाललीय का?’ असा प्रश्न आला. संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत केलेल्या अभ्यासात असंच दिसलं होतं. चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. आमच्या बैठकीत हा दाखला सरांनी दिला. तो सगळ्यांना पटला असं नाही म्हणता येणार, पण आलेख लाल रंगात दाखवणं बंद झालं.

वेगळं काय करता आलं असतं

भाषणाला ठेकेदारांचे सुपरवायझर बोलावलेच नव्हते. निमंत्रण ‘कर्मचाऱ्यांना’ होतं आणि ते कागदोपत्री आमचे कर्मचारी नाहीत. ज्यांच्या हातात माणसाची बदली आहे तेच हॉलबाहेर राहिले. पुन्हा करायचं झालं तर मी सर्वांत आधी त्यांना बसवेन, प्लँट हेड नसले तरी चालतील.

दुसरं, डेटा काढण्याच्या आधी त्याचा वापर कशासाठी होणार हे लाइनवर जाऊन सांगायला हवं होतं, तेही निर्णय घेणाऱ्याने स्वतः. आमच्याकडे क्रम उलटा झाला : आधी डेटा, मग निर्णय, मग कळवणं.

श्रेयाबाबत मात्र अजून मतभेद आहेत. बक्षीस लाइनच्या नावाने दिलं गेलं, कारण योजनेत कंत्राटी कामगाराला वैयक्तिक बक्षिसाची तरतूद नव्हती. एचआरच्या मते त्यामुळे तो मुलगा उघडा पडला नाही. मला हे पटत नाही. ते गरम पीस कोणी सांगितले हे तोवर सगळ्या लाइनला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त प्रमाणपत्राला.

आणि नियम. जुन्या नियमात पुन्हा चाचणी लगेचच करायची होती, म्हणजे थंड होऊन पास होणारा पीस सापडणं नियमात राहून शक्यच नव्हतं. आता फेल झालेला पीस ठरावीक वेळ थंड करून एकदा लावता येतो आणि दोन्ही वेळचं तापमान नोंदलं जातं. त्या बेंचवर जे कुतूहलाने केलं जायचं, ते आता कामाच्या सूचनापत्रकात सहाव्या क्रमांकावर छापलेलं आहे.